एकदाच म्हटलं तरी पुरतं

पत्र : माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. सासूबाई तिच्याकडून रोज तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणवून घेतात. चुकली की म्हणतात, "नीट म्हण, बाप्पा रागावतो." दीड महिन्यापूर्वी आम्ही कामठीला लग्नाला गेलो होतो, त्या दिवशी म्हणायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या आबांच्या छातीत दुखलं, ॲडमिट करून स्टेंट टाकावा लागला. आता ते घरी आहेत, पण ही रोज चार-पाच वेळा शुभंकरोती म्हणते आणि दर वेळी विचारते, "आई, बरोबर झालं ना?" तिच्या मैत्रिणींपैकी एक घरी वंदना म्हणते, एकीकडे नमाज होते, तर एक चर्चला जाते. त्यांच्याबद्दलही हिचे प्रश्न सुरूच असतात. यजमान म्हणतात, हे सगळं बंदच करून टाका. मला बंद करायचं नाही, पण भीतीही नको आहे. आणि नुसती पोपटपंचीही नको. काय करू?
— एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आबा घरी आले, हे वाचून आधी बरं वाटलं. सुरुवात त्यांच्यापासूनच करू या, कारण गाठ तिथेच बसलेली आहे.

तिच्या डोक्यात चाललेला हिशोब तिच्या वयाला धरूनच आहे. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1932 साली छापलेल्या अभ्यासात लहान मुलांना एक गोष्ट सांगितली होती. एक मुलगा सफरचंदं चोरून पळतो, वाटेत ओढ्यावरच्या कुजक्या फळीवर पाय देतो, फळी मोडते आणि तो पाण्यात पडतो. मग मुलांना विचारलं, चोरी केली नसती तर पडला असता का? सहा वर्षांच्या बहुतेक मुलांनी सांगितलं, नसता पडला. फळी कुजकी होती, हे त्यांना माहीत होतं, तरी चोरी केली म्हणूनच ती मोडली. अकरा-बाराव्या वर्षापर्यंत हा समज बराच ओसरतो. तोवर मुलाच्या जगात प्रत्येक वाईट घटनेमागे कुणाची तरी चूक असते, आणि हाताशी असलेली चूक बहुधा स्वतःचीच असते. त्यात "बाप्पा रागावतो" हे वाक्य पडलं की मूल गणित पूर्ण करून मोकळं होतं. मी म्हटलं नाही, बाप्पा रागावला, आबा पडले. आता पाच वेळा म्हणते, म्हणजे पुन्हा पडणार नाहीत. हा विमा आहे, प्रार्थना नाही. बिचारी रोज हप्ता भरते आहे.

"असं काही नसतं गं" एवढ्याने हे सुटणार नाही. एक कारण काढून घ्यायचं तर त्या जागी दुसरं द्यावं लागतं, आणि तेही हाताला लागेल असं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर नळाच्या तोंडाशी किंवा बादलीच्या कडेला पांढरा क्षार बसलेला असेलच. नसेल तर शेजारच्यांचा नळ बघा, नागपुरात त्याला तोटा नाही. तिला तो नखाने खरवडू द्या. मग विचारा, "हा एका रात्रीत बसला असेल का?" ती नाही म्हणेल. मग सांगा, "आबांच्या छातीत रक्ताच्या बारीक नळ्या आहेत. त्यातल्या एकीत असंच काहीतरी साचलं होतं. तू जन्मायच्या आधीपासून साचत होतं. डॉक्टरांनी आत एक छोटी जाळी बसवली, आता रस्ता मोकळा झाला." यातलं शेवटून दुसरं वाक्य जपून ठेवा, 'तू जन्मायच्या आधीपासून'. आबांचं दुखणं लग्नाच्या दिवसाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, हे तिला कळायला हवं. आणि शक्य असेल तर ते आबांच्याच तोंडून कळू द्या. ज्याला काही झालं त्यानेच "तुझ्यामुळे नाही झालं, बेटा" म्हणावं, त्याचं वजन वेगळं पडतं.

हे एकदा सांगून भागणार नाही, तीन-चारदा सांगावं लागेल. पण "बरोबर झालं ना?" याचं उत्तर मात्र दर वेळी देऊ नका. ही माझ्या उत्तरातली सगळ्यात कठीण सूचना आहे. "हो गं, बरोबर झालं" म्हटलं की तिला दोन मिनिटं बरं वाटतं, आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा विचारावंसं वाटतं. आपणच त्या प्रश्नाला खाऊ घालत असतो. दिवसा, दिवाबत्तीची वेळ नसताना, तिच्याशी ठरवून घ्या की आपल्या घरी शुभंकरोती एकदाच म्हणायची, सगळ्यांनी मिळून, आणि मग घंटी जागेवर ठेवायची. घंटी ठेवली म्हणजे झालं. ती पुन्हा सुरू करू लागली तर रागावायचं नाही, समजावत बसायचं नाही. "घंटी ठेवली ना आपण" एवढंच म्हणायचं आणि तिला पोळ्यांच्या कणकेचा एक गोळा द्यायचा. पहिले चार-पाच दिवस ती कुरकुरेल, कदाचित रडेल. ते रडणं सोबत बसून निभवा, पण दुसऱ्यांदा म्हणू देऊन मिटवू नका.

आणखी एक. तुम्ही मुद्दाम चुका. आठवडाभराने, ती जरा सैलावली की, "आरोग्यं धनसंपदा"च्या जागी अडखळा, "अरे, विसरलेच की" म्हणून हसा आणि पुढे जा. परत मागे येऊन दुरुस्त करू नका. ती डोळे मोठे करून बघेल. रात्र जाईल, सकाळ होईल, आबा चहा पीत बसलेले दिसतील. शंभर समजावण्यांनी होणार नाही ते त्या चहाने होईल.

आता सासूबाई. मुलीसमोर त्यांना दुरुस्त करू नका, नाहीतर प्रार्थना हा दोन मोठ्यांच्या भांडणाचा विषय होतो आणि मूल कुणाच्या बाजूने म्हणायचं याचा विचार करत बसतं. त्यांना एकटं गाठा आणि मदत मागा. "बाप्पा रागावतो" हे त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलेलं असणार. त्यांच्याच पोतडीत याहून चांगल्या गोष्टी आहेत. नामदेवाची आठवण करून द्या. वडिलांनी नैवेद्य दाखवायला पाठवलेला लहानगा नामदेव, विठ्ठल जेवत नाही म्हणून हट्टाला पेटतो, पायरीवर डोकं आपटून घेईन म्हणतो, आणि शेवटी देवालाच जेवायला बसावं लागतं. त्या गोष्टीत नामदेव कोणता मंत्र अचूक म्हणाला, हे कुणी विचारत नाही. वारकऱ्यांचा देव लेकुरवाळा आहे, अंगाखांद्यावर पोरं घेऊन चालणारा. तुकोबांनी त्याला काय काय सुनावलं आहे, ते सासूबाईंना तुमच्या-माझ्याहून जास्त पाठ असेल. एवढं ऐकून घेणारा देव एका ओळीवरून साडेपाच वर्षांच्या पोरीवर कशाला रागावेल, हा प्रश्न त्यांना त्यांच्याच भाषेतला वाटेल.

पाठांतराबद्दल मात्र मी तुमच्या यजमानांच्या बाजूने नाही. पाच वर्षांच्या जिभेला ताल लागतो, अर्थ मागाहून येतो, आणि तो आला की आधीपासून पाठ असलेल्या शब्दांत येऊन बसतो. बिघडतं ते पाठांतराची परीक्षा झाली की. मी नागपुरात बरीच वर्षं बालवाडी चालवली. एक पोरगा "दिव्या दिव्या दीपत्कार" ऐवजी "दिव्या दिव्या दीपक चार" म्हणायचा आणि म्हणताना खरोखर बोटांवर चार मोजायचा. मी शहाणपणाने त्याला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. त्यानंतर तो ती ओळ आली की तोंड मिटून घ्यायचा, पार वर्ष संपेपर्यंत. चार दिवे मोजणारं पोर दिव्याकडे बघत तरी होतं. माझ्यामुळे ते माझ्याकडे बघायला लागलं.

तेव्हा शुभंकरोती तीच ठेवा, फक्त तिला डोळे आणि नाक द्या. वात तिला वळू द्या. तेल तिच्या हाताने घाला, काडी तुम्ही ओढा. घरातला ट्यूबलाइट पाच मिनिटं बंद ठेवा, नाहीतर दिव्याचं महत्त्व पोराला कळणार कसं? आणि मग एका वेळी एकच शब्द उघडा, पंधरा दिवसांत एक. 'कल्याण' म्हणजे काय, तर सगळ्यांचं बरं. 'शत्रुबुद्धिविनाशाय' वर मुलं हमखास अडतात. शत्रू कोण, त्याला बाप्पा मारणार का? काहीजण शत्रूची बुद्धी नष्ट होवो असा अर्थ लावतात. मला दुसरा अर्थ पटतो, आणि मुलांसाठी तोच सोयीचा आहे. शत्रू नव्हे, शत्रुत्वाची बुद्धी जावो, म्हणजे आपल्या मनातलं भांडण. "आज तुझं कुणाशी भांडण झालं का?" एवढा प्रश्न दिव्यासमोर विचारला की पाठ केलेल्या ओळीला दार फुटतं. उत्तर आलं तर ऐकायचं. "मग सॉरी म्हण" असं लगेच नाही.

मैत्रिणींबद्दलच्या प्रश्नांना टाळू नका, कारण तिथे तुम्हाला उपयोगाचं बरंच आहे. तिच्याकडून चार धर्मांच्या प्रार्थना म्हणवून घ्या असं मी सांगत नाही. त्याची खिचडी होते, आणि ज्या घरातून ती गोष्ट घेतली त्या घरालाही ते खेळणं केल्यासारखं वाटू शकतं. पण त्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलं वाढवली आहेत, त्यांनीही हाच प्रश्न सोडवला आहे.

वंदना म्हणणाऱ्या मैत्रिणीचं घर घ्या. दीक्षाभूमीच्या या गावात त्रिशरण आणि पंचशील न ऐकलेलं मूल विरळाच. पंचशीलाच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी 'सिक्खापदं समादियामि' येतं. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. मी प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचा, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचा धडा घेते आहे, असं स्वतःहून म्हणायचं. वरून हुकूम देणारा आणि मोडला म्हणून शिक्षा करणारा कुणी त्यात नाही. मोडला तर काय? पुन्हा घ्यायचा. बुद्धांनी आपल्या मुलाला, लहानग्या राहुलला, हेच आरशाचा दाखला देऊन शिकवलं. आरसा कशासाठी असतो, तर बघण्यासाठी. तसंच काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघायचं की याने मला किंवा दुसऱ्याला इजा होते का. "बाप्पा बघतोय" च्या जागी "आपण बघू या" आलं की भीतीचा अर्धा दोर सुटतो. तुमच्या मुलीसाठी मला ही सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. 'चुकलं' या शब्दाचा अर्थच तिला बदलून हवा आहे.

नमाजच्या घरातून वय शिकण्यासारखं आहे. मुलांना सातव्या वर्षी नमाज शिकवायला घ्या, असं पैगंबरांचं वचन आहे. त्याच वचनात दहाव्या वर्षानंतर कडक होण्याची गोष्ट येते, त्यावर खूप काथ्याकूट झालेला आहे. मी सातच्या आकड्यापाशी थांबते. त्याआधी मूल नुसतं शेजारी असतं, आईच्या ओढणीत लपतं, सगळे वाकले की वाकतं. मुहम्मद पैगंबर सजद्यात असताना त्यांचा नातू पाठीवर चढून बसला, आणि तो मनाने उतरेपर्यंत त्यांनी डोकं वर उचललं नाही, अशी हदीस आहे. प्रार्थनेत व्यत्यय आणणारं मूल आणि थांबून राहिलेला मोठा माणूस, हे चित्र मी सासूबाईंनाही सांगेन. साडेपाच वर्षांच्या मुलीला अजून शेजारी बसण्याचीच मुभा हवी. एखाद्या दिवशी ती खेळत राहिली तर राहू द्या, तुम्ही म्हणा. सक्तीचं वय आलेलं नाही.

चर्चला जाणाऱ्या मैत्रिणीला कदाचित पाच बोटांची प्रार्थना शिकवली असेल, रविवारच्या वर्गात ती बरीच चालते. अंगठा आपल्या सर्वांत जवळ, म्हणून घरच्यांसाठी. तर्जनी वाट दाखवणाऱ्यांसाठी, म्हणजे शिक्षक, डॉक्टर. मधलं उंच बोट मोठी जबाबदारी असणाऱ्यांसाठी, अनामिका आजारी आणि अशक्त माणसांसाठी, आणि करंगळीवर शेवटी आपण स्वतः. मूल स्वतःला विसरत नाही आणि स्वतःपासून सुरूही करत नाही. शब्द त्याचेच असतात, रोज वेगळे, त्यामुळे 'बरोबर-चूक'ला जागाच उरत नाही. शुभंकरोती झाल्यावर, घंटी ठेवण्याआधी, पाच बोटं तुमच्याही घरी चालतील. यासाठी देवाचं नाव बदलावं लागत नाही. (भीतीवर कोणा एकाची मक्तेदारी नाही बरं. झोपताना म्हणायच्या एका प्रसिद्ध इंग्रजी प्रार्थनेत 'उठण्याआधी मला मरण आलं तर' अशी ओळ होती. कित्येक घरांनी ती शेवटी बदलून घेतली.)

चौथ्या बोटावर आबा येतील, आणि तिथे जरा सांभाळायला हवं. "बाप्पा, आबांना बरं कर" असं तिच्याकडून रोज म्हणवून घेऊ नका. ती स्वतःहून म्हणाली तर अडवूही नका. पण आबांची तब्येत पुन्हा बिघडली, आणि या वयात ती कधीतरी बिघडणारच, तर तिचा हिशोब पुन्हा सुरू होईल. माझी प्रार्थना कमी पडली, असं तिला वाटेल. तुम्ही तुमच्या बोटावर असं म्हणा, "आबांनी आज गोळ्या घेतल्या. आम्हाला त्यांची काळजी वाटते. तू सोबत राहा." यात काळजी सांगून होते, पण आबांना जिवंत ठेवण्याचं काम पोरीच्या गळ्यात पडत नाही. ते काम डॉक्टरांचं आणि गोळ्यांचं.

मागण्याचा हा प्रश्न पुढे दोन-तीन वर्षांनी तिच्याकडून येईलच. 1967 मध्ये अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी पाच ते बारा वर्षांच्या मुलांशी प्रार्थनेबद्दल बोलून पाहिलं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना प्रार्थना म्हणजे ठरावीक शब्द, एवढंच माहीत होतं. सात ते नऊच्या मुलांसाठी ती मागणी होती. त्यापुढे मुलं मनातलं बोलण्याकडे वळत होती. म्हणजे तुमची मुलगी आज शब्दांच्या पायरीवर आहे, तिला दिवा, सूर आणि आभार पुरेत. आभार मात्र ठोस हवेत. "सगळ्यासाठी धन्यवाद" म्हणजे कशासाठीच नाही. आपल्याकडचा तान्हा पोळा यात फार छान आहे. पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, तेव्हा "बैलाने आपल्यासाठी काय केलं?" या प्रश्नाला उत्तर असतं. ज्वारी, तूर, कापूस. तिने आज जेवलेल्या वरणातली तूर कुठून आली, इतका बारीक आभार पाच वर्षांच्या मुलाला झेपतो आणि आवडतो.

यजमानांना प्रार्थना म्हणायला लावू नका. पाच मिनिटं ट्यूबलाइट बंद असताना मोबाइल बाजूला ठेवून सोबत बसा, एवढंच मागा. न मानणारा बाप शांतपणे शेजारी बसलेला आहे आणि त्याचं काही वाईट झालं नाही, हेही तिला दिसायला हवं.

आता एक मर्यादा. या वयात ठरावीक गोष्ट ठरावीकच पद्धतीने करायचा हट्ट बऱ्याच मुलांमध्ये दिसतो, आणि तो आपोआप ओसरतो. पण वरचं सगळं महिनाभर करूनही वेळा कमी झाल्या नाहीत, मनातल्या मनात म्हणणं सुरू झालं (ओठ हलताना दिसतात), हात धुणं किंवा दार तपासणं असं दुसरं काही त्यात मिसळलं, दिवसाचा तासभर त्यातच जाऊ लागला, किंवा झोप, जेवण, शाळा बिघडली, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलला किंवा एम्सला मानसोपचार विभाग आहे, खासगी डॉक्टरही आहेत. यावर लहान मुलांसाठी चांगले उपचार आहेत. तो संस्कारांचा प्रश्न उरलेला नसतो, आणि सासूबाईंचाही दोष नसतो. तेव्हा मला पत्र लिहून वाट बघत बसू नका.

तोवर आज संध्याकाळी एवढंच करा. नळाचा क्षार दाखवा, आबांना तिच्याशी बोलू द्या. आणि पुढच्या आठवड्यात दिव्यासमोर चुकायची पहिली पाळी तुमच्याऐवजी आबांना देता आली तर बघा. "दिव्याला देखून..." म्हणून त्यांनी थांबायचं, डोकं खाजवायचं, आणि पोरीला विचारायचं, "पुढे काय गं?"